रोजच्या माणसाला काय लिहावं?

जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात कूलर चालू केला की पहिली दोन मिनिटं त्याच्या आवाजानं बोलणंही ऐकू येत नाही. पाचव्या मिनिटाला तो आवाज कुठे जातो, ते आपल्यालाही सांगता येत नाही. कूलर तेवढाच घरघरत असतो. आपला मेंदू त्याची नोंद घेणं थांबवतो. मग दुपारी अडीचला लाइट जाते, कूलर बंद पडतो आणि झोपलेला माणूस त्या शांततेनं जागा होतो.

लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेल्या घरात ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ या शब्दांचं नेमकं असंच झालेलं असतं. येत्या १४ फेब्रुवारीला पुन्हा मोबाइलवर गुलाब येतील, हृदयं येतील, कुणीतरी कुठून तरी पाठवलेल्या चार ओळी येतील. त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पुढे ढकलल्या जातील. पलीकडून हात जोडलेलं चित्र येईल आणि काम संपेल. दोघांनाही काही वाटणार नाही. त्यावरून कुणी ‘आता प्रेमच उरलं नाही’ असा निष्कर्ष काढू नये. प्रेमाचा प्रश्न वेगळा आणि शब्द शिळे होण्याचा प्रश्न वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी शरीरशास्त्रात सापडतं.

एकच संवेदना पुन्हा पुन्हा, कोणत्याही परिणामाशिवाय येत राहिली की मज्जासंस्था तिला प्रतिसाद देणं कमी करते. याला सवयीकरण म्हणू. एरिक कँडेल या शास्त्रज्ञानं हे एका समुद्री गोगलगायीत पेशींच्या पातळीवर दाखवलं. तिच्या नळीसारख्या अवयवाला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. तोच स्पर्श दहा-बारा वेळा केला की कल्ला आत ओढणं मंदावत जातं. तिचा स्नायू थकलेला नसतो. स्पर्शाची बातमी पुढे नेणारी मज्जापेशी आपल्या टोकातून रसायन कमी सोडू लागलेली असते. आणि गंमत अशी की मध्येच शेपटीला एक वेगळा, जोराचा धक्का दिला तर तोच जुना हलका स्पर्श पुन्हा जाणवू लागतो. स्मरणशक्तीवरच्या या साऱ्या कामासाठी कँडेल यांना २००० साली वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. आपला मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोरात कामाला लागत. रसाच्या आधी दर वेळी एक ठरावीक खूण दिली, तर काही दिवसांनी त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. प्रत्यक्ष रस आला तेव्हा त्यांच्यात काही फरक पडेनासा झाला. कारण तो येणार हे ठरलेलंच होतं. पण खूण दिली आणि रस दिलाच नाही, तर ठरल्या वेळी त्या पेशींचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं.

माकड आणि फळांचा रस म्हणजे नवरा-बायको नव्हे, एवढं भान ठेवूनही यातून घरातलं एक कोडं उलगडतं. वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या तर समोरच्याला विशेष काही वाटत नाही, आणि विसरलात तर मात्र दोन दिवस घरात अबोला. ठरलेली गोष्ट मिळाल्यानं आनंद वाढत नाही, ती न मिळाल्यानं मात्र दुखतं. म्हणून ‘पाठवून उपयोग काय, तिला कुठे त्याचं अप्रूप आहे’ असं म्हणणारे नवरे अर्धेच बरोबर असतात.

मग उपाय काय? बहुतेकांना वाटतं, मोठे शब्द वापरावेत. गेल्या वर्षी ‘प्रिय’ लिहिलं होतं, यंदा ‘प्राणप्रिय’ लिहू. गेल्या वर्षी सात जन्म म्हटलं होतं, यंदा सत्तर म्हणू. म्हणजे कूलरचा आवाज ऐकू येत नाही म्हणून पंखा वाढवायचा! मोठा शब्दसुद्धा अंदाजातलाच असतो, कारण वाढदिवसाला मोठे शब्द येणार हे ठरलेलं आहे. जाग आणते ती अंदाजाबाहेरची गोष्ट. ती खरी असली पाहिजे आणि त्या माणसाचीच असली पाहिजे.

आपल्याकडच्या बायकांना हे शास्त्राच्या आधीपासून माहीत आहे. नुकतीच संक्रांतीची हळदीकुंकवं झाली. रथसप्तमीपर्यंत घरोघरी ‘नाव घ्या, नाव घ्या’ चालू होतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी रीत असलेल्या काळात उखाणा ही बाईला मिळालेली, चारचौघांत त्याचं नाव घेण्याची एकमेव जागा होती. आता पुस्तिकेतला पाठ केलेला उखाणा कुणी घेतला की बाकीच्या बायका सवयीनं हसतात आणि बशीतला तिळगूळ उचलतात. पण एखादी बाई समोरचीच गोष्ट घेते, सकाळी नवऱ्यानं सांडलेला चहा किंवा त्याचा हरवलेला चष्मा, त्यात त्याचं नाव गुंफते आणि अख्खी खोली फुटते. यमक दोन्हीकडे होतं. फरक एवढाच की पहिला उखाणा कोणत्याही नवऱ्याला चालला असता, दुसरा फक्त तिच्या.

खान्देशाला तर यासाठी दूर जायला नको. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्या माणसांनी लिहून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपानं आल्या. जातं, चूल, विहीर, शेत, सुगरणीचा खोपा हे सगळं त्यांच्या भोवतीच्या प्रत्येक बाईनं हजार वेळा पाहिलेलं होतं. त्यांनी शब्द नवे आणले नाहीत, घरात बोलले जाणारेच वापरले. पाहणं मात्र ताजं ठेवलं. बायकोला चिठ्ठी लिहायला कवी व्हावं लागत नाही. पण हे एवढं त्यांच्याकडून घेता येतं, की आधी पाहायचं आणि मग बोलायचं.

इथे संसारात एक अडचण येते. जितकी वर्षं जास्त, तितकी खात्री जास्त की ‘तिला सगळं माहीत आहे, सांगायची काय गरज?’ अमेरिकेतल्या केनेथ सॅवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खात्री तपासली. दोन अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं नवरा-बायकोनं एकमेकांना म्हणायची, अर्थ ओळखायचा. तीच वाक्यं अनोळखी माणसांनीही म्हणायची. आपला अर्थ आपल्या जोडीदाराला कळेलच, अशी लोकांची खात्री अनोळखी माणसापेक्षा जास्त होती. प्रत्यक्षात जोडीदारांना तो अर्थ अनोळखी माणसांपेक्षा अधिक चांगला ओळखता आला नाही. थोडक्यात, सहवासानं समज वाढते त्यापेक्षा समजल्याची खात्री जास्त वाढते. ‘तिला माहीतच आहे’ असं आपण जे म्हणतो, ते बरेचदा तिला माहीत नसतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका उदाहरणानं सांगते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात येणारे एक गृहस्थ आहेत. आपण त्यांना नाना म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि दोघांना विचारूनच लिहीत आहे. नाना नोकरीतून निवृत्त. पंधरा वर्षांचा मधुमेह. लग्नाला एकतीस वर्षं झालेली. एका सोमवारी रक्ताचा रिपोर्ट दाखवून झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “मॅडम, घरच्यांचा वाढदिवस आहे परवा. मुलीनं सांगितलं, आई रुसते, या वर्षी नीट काहीतरी लिहा. हे पाठवू का?” पडद्यावर दोन बदकं, एक गुलाब आणि खाली ‘जीवनसाथी’वरच्या चार ओळी होत्या.

मी म्हटलं, “नाना, यातली बदकं कोण आणि वहिनी कुठे आहेत?”

नाना हसले. म्हणाले, “मग तुम्हीच सांगा काय लिहू. आम्हाला नाही जमत असलं.”

रांग मोठी नव्हती, म्हणून मी त्यांना केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहायला बसवलं. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘तू माझ्यासाठी खूप केलंस.’ वाक्य खरं होतं, पण ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही नवऱ्यानं कोणत्याही बायकोला लिहिलेलं असू शकत होतं. ‘खूप’ या शब्दातून काही दिसत नाही. मग मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, “गेल्या वर्षभरात त्यांनी केलेली अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्ही पाहिली पण त्यावर कधी बोलला नाहीत.”

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “टॉर्च.”

त्याचा संदर्भ मला माहीत होता. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. आम्ही तपासताना दहा ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवतो. नानांना तो चार ठिकाणी कळतच नाही. अशा पायाला खडा टोचला, चपलेचा पट्टा घासला किंवा मे महिन्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल पडलं, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही, फोडाची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाला आम्ही सांगतो की रोज रात्री तळपाय, टाच आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. सांगतो सगळ्यांना, करतात थोडे. नानांच्या घरी ते वहिनी करत होत्या. गेल्या मे महिन्यात अंगठ्याखालचा फोड त्यांनीच पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नानांना घेऊन दवाखान्यात हजर झाल्या. तेव्हा जखम वरवरची होती. ड्रेसिंग, औषधं आणि त्या पायावर भार न देणं, एवढ्यावर ती पाच आठवड्यांत भरली.

नानांनी दुसरं वाक्य लिहिलं, ‘तुझ्यामुळे माझा पाय वाचला.’ हे पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं होतं. पण नीट पाहिलं तर त्या वाक्यात नायक कोण आहे? नानांचा पाय! वहिनी तिथे फक्त कारण म्हणून आल्या आहेत.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगितलं आणि ते बोलणं तपासलं. आभार दोन तऱ्हेचे निघाले. एकात ‘मला याचा फायदा झाला’ हा भर होता, तर दुसऱ्यात ‘तू हे केलंस, यातून तू कशी आहेस ते दिसतं’ हा भर होता. ऐकणाऱ्याच्या मनाला पोहोचला तो मुख्यतः दुसरा. ‘माझं काम झालं’ हे आपण दुकानदारालाही सांगतो. ‘मी तुला पाहिलं’ हे जवळच्याच माणसाला सांगतो.

म्हणून मी नानांना आणखी दोन प्रश्न विचारले. “वहिनी नेमकं काय करतात, ते मला दिसेल असं सांगा,” हा एक. आणि “यावरून त्या कशा आहेत असं तुम्हाला वाटतं?” हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्यांनी पटकन दिलं. दुसऱ्याला वेळ लागला आणि मग त्यांना सुनेची गोष्ट आठवली. शेवटी कागदावर जे उतरलं ते असं होतं :

‘मे महिन्यात माझ्या पायाला फोड आला तो मला समजला नाही, तुला समजला. रोज रात्री तू टॉर्च घेऊन माझा तळपाय बघतेस. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडत नाहीस. मी टीव्ही बघत असतो, पण तू बघतेस ते मला दिसतं. ज्याचं त्याला दिसत नाही ते तुला दिसतं. सूनबाईचं काहीतरी बिनसलंय हे पण घरात सगळ्यात आधी तुलाच दिसलं होतं. तुझी ही नजर आपल्या घराला पुरली. आज तुला बावन्न पूर्ण झाले.’

यात ‘प्रेम’ हा शब्द नाही, विशेषण जवळजवळ नाही. शुभेच्छाही नाहीत. टॉर्च आहे, बेचक्या आहेत, टीव्ही आहे. सुनेची आठवण मला सगळ्यात मोलाची वाटली, कारण तिच्यामुळे पायाची गोष्ट एकट्या नानांपुरती राहिली नाही. ती वहिनींच्या स्वभावाची गोष्ट झाली.

पुढच्या तपासणीला दोघं आले. मी विचारण्याआधी वहिनीच म्हणाल्या, “मॅडम, मला वाटायचं यांचं लक्षच नसतं. हे तर टीव्ही बघत असायचे.” एवढंच बोलल्या. चिठ्ठी टॉर्चच्याच डब्यात ठेवली आहे, असं नाना नंतर म्हणाले.

वहिनींच्या त्या वाक्यात मर्म आहे. आपण पाय तपासतो हे त्यांना ठाऊकच होतं. तो पाहतो आहे, ही बातमी मात्र त्यांना नवी होती. एकतीस वर्षांच्या संसारात नवी बातमी कुठून आणायची, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. जोडीदार काय करतो, हे त्याला ठाऊक असतं. तुम्हाला त्यातलं काय दिसलं, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्ही सांगेपर्यंत त्याला कळण्याचा दुसरा मार्गही नसतो.

लिहून झालं की वाक्य तपासायची एक सोपी रीत आहे. ते शेजारच्या घरात पाठवलं तर चालेल का, हे स्वतःला विचारा. चालत असेल तर वाक्य अजून तुमचं झालेलं नाही. त्यात एखादी वस्तू, एखादी वेळ किंवा हाताची एखादी हालचाल घाला. केळीच्या बागेला रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जाणाऱ्या नवऱ्याबद्दल ‘तुम्ही खूप कष्ट करता’ असं लिहिण्यापेक्षा, ‘पहाटे परत येताना आम्ही जागे होऊ नये म्हणून तुम्ही चपला हातात घेऊन येता’ असं लिहून पाहा. दुसरं वाक्य फक्त एकाच घरात जाऊ शकतं.

तरीही पुष्कळ जण लिहीत नाहीत. अडतात ते संकोचापाशी. ‘या वयात हे बरं दिसतं का? ती हसेल. शब्द नीट जमणार नाहीत.’ याचीही मोजणी झालेली आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग प्रत्यक्ष मिळणाऱ्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला होणारा संकोच जास्त धरला होता आणि सुखद आश्चर्य व आनंद कमी धरला होता. लिहिणारा आपले शब्द बरोबर आहेत का, या चिंतेत असतो. वाचणारा मात्र त्यातली ऊब बघतो. ती पत्रं केवळ नवरा-बायकोची नव्हती, पण आपल्या घरातल्या संकोचालाही हे लागू पडायला हरकत नसावी.

भाषेचंही तसंच. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारा माणूस चिठ्ठी लिहायला बसला की एकदम लग्नपत्रिकेच्या भाषेत शिरतो. ‘आपण माझ्या जीवनात आलात’ असं तो लिहितो आणि वाचणारीला वाटतं, हे दुसऱ्याच कुणी लिहिलं. भांडताना, हाक मारताना, जेवायला वाढताना जी भाषा असते तीच लिहा. व्याकरण तपासणारं कुणी नसतं. वाचता येत नसेल किंवा चष्मा लागत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकवा, नाहीतर सरळ तोंडानं सांगा. फक्त ते घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे चाळीस नातेवाइकांचे अंगठे येतात आणि बोलणं दोघांचं राहत नाही.

कुठे बिघडतं, तेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते ‘पण’ या शब्दानं. ‘तू सगळ्यांचं करतेस, पण स्वतःच्या गोळ्या वेळेवर घेत नाहीस.’ काळजी खरी असली तरी वाचणारीच्या लक्षात दुसरा भागच राहतो. ती सूचना दुसऱ्या दिवशी द्या. दुसरा बिघाड म्हणजे उपकारांची यादी. पंधरा गोष्टी एका दमात लिहिल्या की एकही दिसत नाही, आणि वाचणाऱ्याला हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. एकच गोष्ट घ्या, बाकीच्या पुढच्या वर्षांना राहू द्या. तिसरा बिघाड यशस्वी झालेल्या माणसाचा होतो. चिठ्ठी आवडली म्हणून तो दर आठवड्याला तशीच लिहू लागतो आणि दोन महिन्यांत तीही कूलरच्या आवाजासारखी होते. काय दिसलं ते दिसेल तेव्हा सांगावं, वेळापत्रक लावून नव्हे.

आता डॉक्टर म्हणून एक-दोन गोष्टी. शब्द शिळे होणं ही सवयीची गोष्ट आहे, पण कधीकधी शब्दांमागे आजार असतो. पूर्वी जोडीदाराशीच काय, नातवंडांशी खेळण्यात, देवदर्शनात, शेतात, सणावारात रस वाटायचा आणि आता कशातच वाटत नाही, असं सलग दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल, त्यात झोप बिघडली असेल, भूक गेली असेल, तर त्याला नात्यातला कंटाळा समजू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडची कमतरता माणसाला मंद आणि अलिप्त करते, ती रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. साठीच्या पुढचा नवरा ‘ऐकतच नाही’ असं वाटतं तेव्हा त्याला खरोखर ऐकू येत नसण्याचाही संभव असतो, म्हणून कान तपासून घ्या. दीर्घ मधुमेहात आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे शरीरसंबंधात अडचण येते. लाजेपोटी पुरुष बायकोपासून लांब राहू लागतो आणि तिला वाटतं, आपण नकोसे झालो. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे आणि त्यावर बहुतेकदा काहीतरी करता येतं. मनाच्या तक्रारींसाठी सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि जिथे मारहाण आहे, धाक आहे, दारूपायी घर विस्कटलं आहे, तिथे गोड चिठ्ठी हा उपाय नव्हे. अशा घरात वाढदिवसाची चार चांगली वाक्यं कधीकधी जखमेवर घातलेलं पांघरूण ठरतात. तिथे आधी सुरक्षितता, मग व्यसनावर उपचार, आणि शब्द फार नंतर.

बाकीच्या घरांसाठी मात्र काम फार मोठं नाही. वाढदिवस किंवा १४ फेब्रुवारी यायच्या आधीचे तीन-चार दिवस जोडीदाराकडे जरा पाहा, काही न बोलता. पहिला चहा कोण पितं, भाकरीचा करपलेला पदर कुणाच्या ताटात जातो, रात्री दाराची कडी दुसऱ्यांदा कोण तपासतं, औषधाची पट्टी संपत आली हे कुणाच्या लक्षात येतं? एखादी गोष्ट आपोआप डोळ्यांसमोर येईल. ती तीन-चार वाक्यांत लिहा आणि त्यात त्या माणसाचा कोणता स्वभाव दिसतो ते एका वाक्यात सांगा. मग कागद घडी घाला आणि चहाच्या डब्यात, चष्म्याच्या घरात, डबा भरायच्या पिशवीत, जिथे त्या माणसाचा हात रोज जातो तिथे ठेवून द्या.